दोन टोकं मोजून आवाजाची जात ठरत नाही

"एका मिनिटात ओळखा तुमचा आवाज!
1. मोबाईलवर ट्यूनर ॲप उघडा. जमेल तितकं खाली जा, मग जमेल तितकं वर. खालचा सूर E2 पर्यंत गेला तर बास, C3 पर्यंत टेनर, F3 पर्यंत आल्टो, C4 पर्यंत सोप्रानो.
2. सकाळी उठल्याउठल्या मोजा, तेव्हा आवाज खरा असतो.
3. बोलण्याचा आवाज जाड असेल तर तुम्ही बास किंवा आल्टोच.
4. काळी एकमध्ये गाणारा टेनर, काळी चारमध्ये गाणारी सोप्रानो.
5. दहा वर्षांच्या मुलाचाही आवाज असाच ओळखता येतो.
6. रोज टोकाचे सूर ताणून गा, महिन्यात एक सप्तक वाढेल. सर्व गायक मित्रांना पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. मग जुलैमध्ये धाकट्या बहिणीचा मुलगा काही दिवस राहायला आला. दारात "मावशी" म्हणून हाक मारली तर आवाज पूर्ण बसलेला. सर्दी नाही, खोकला नाही. विचारलं तेव्हा कळलं की तो दोन महिन्यांपूर्वी एका क्वायरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांत मिळून गाणाऱ्या समूहात, जायला लागलाय. अशा समूहात बायकांच्या वरच्या आवाजाला सोप्रानो आणि खालच्याला आल्टो, पुरुषांच्या वरच्याला टेनर आणि खालच्याला बास म्हणतात. तिथे पहिल्या दिवशी "तुझा आवाज कुठला?" असं विचारलं, त्याने या मेसेजप्रमाणे मोजलेला D2 सांगितला आणि त्याला बासच्या रांगेत, तेही सगळ्यात खालच्या सुरांवर उभं केलं. D2 सारख्या नावात अक्षर सुराचं असतं आणि आकडा सप्तकाचा. बावीस वर्षांचा मुलगा दोन महिने मान खाली दाबून, गळा फुगवून नसलेला खर्ज काढत होता.

मी एकोणीस वर्षं क्वायरमध्ये आल्टो गाते आणि नव्याने येणाऱ्यांचे आवाज ऐकून त्यांना जागा देण्याचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या दोन मुद्द्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केलंय, त्यामुळे आधी तेच. भाच्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, त्याच ॲपसमोर बसवलं आणि म्हटलं, तेव्हा केलंस तसंच कर. तो "आ" लावून खाली खाली घसरत गेला. आधी नीट सूर होता, मग सूर पातळ झाला, आणि मग गंजलेल्या बिजागरीसारखी करकर सुरू झाली. इतकी हळू की एकेक ठोका वेगळा ऐकू येत होता. त्या करकरीवर ॲपने दाखवलं, D2. म्हणजे 73 हर्ट्झच्या आसपास. हाच त्याचा "सगळ्यात खालचा सूर".

हा गाण्याचा सूर नाही. स्वरतंतू सैल सोडले की ते एकसारखे थरथरत नाहीत, अडखळत उघडझाप करतात, त्यातून ही करकर येते. झोपेतून उठल्यावर जांभई देत आपण बोलतो ना, तोच आवाज. तो कुणालाही काढता येतो, बाईलासुद्धा. त्याला ताकद नसते, त्यावर शब्द टिकत नाहीत आणि चार माणसांच्या गाण्यात तो ऐकूही येत नाही. त्यात ट्यूनर ॲपची एक खोड आहे. आवाज करकरीत आला की एक ठोका मोठा, एक लहान असं व्हायला लागतं आणि ॲप दोन ठोक्यांचा मिळून एक धरतं. मग आकडा निम्मा होतो, म्हणजे सूर एक अख्खं सप्तक खाली दाखवला जातो.

सकाळचं म्हणाल तर त्यात एवढंच खरं आहे की सकाळी आवाज खाली जातो. रात्रभर आडवं झोपल्याने स्वरतंतूंना थोडी सूज असते, ते जाड आणि ढिले असतात, म्हणून एकदोन सूर जास्तीचे मिळतात. आंघोळ, चहा, थोडं बोलणं झालं की ते जातात. तालीम संध्याकाळी सातला असते. जो सूर सकाळी साडेसहाला असतो आणि संध्याकाळी नसतो, तो तुमच्या आवाजात धरायचा कशाला?

शिवाय नावांचा घोळ आहेच. पियानोच्या मधोमध जो सी असतो, 261.6 हर्ट्झचा, त्याला सर्वसाधारणपणे C4 म्हणतात. पण यामाहाच्या पद्धतीत त्याच पट्टीचं नाव C3 आहे, आणि त्या पद्धतीने लिहिलेली सॉफ्टवेअर आणि कीबोर्ड सगळीकडे आहेत. एका पद्धतीचा तक्ता आणि दुसऱ्या पद्धतीचं ॲप घेतलंत तर टेनर सरळ बासच्या खाली जाऊन बसतो. पेटीवर मोजणाऱ्यांनी तर आणखी जपून राहावं. खर्ज-नर सुरांच्या पेटीत एक पट्टी दाबली की दोन सप्तकांतले सूर एकदम वाजतात, आपण नेमका कुठल्याला सूर लावला हे कानाला कळत नाही. म्हणून मी नव्या माणसाला सांगते, नाव बघू नकोस, हर्ट्झचा आकडा बघ.

आता मोजायचं कसं, तर भाच्याचंच सांगते. आधी चार दिवस त्याला गायला बंदी केली, आवाज मोकळा होऊ दिला. मग एका संध्याकाळी पंधरा मिनिटं नुसता गुणगुणायला लावला आणि त्यानंतर कीबोर्डसमोर बसवला. सुरुवात टोकापासून करायची नाही, बोलण्याच्या आसपासच्या सुरापासून करायची. त्याच्यासाठी तो C3 होता, 131 हर्ट्झ. तिथून अर्ध्या अर्ध्या सुराने खाली, प्रत्येक सूर "आ" वर चार सेकंद, आवाजाचा जोर सारखा. C3, B2, A2 स्वच्छ आले. G2 आला, पण हलका. F2 वर नुसती हवा आली आणि त्याच्याखाली करकर. कागदावर A2 खाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "G2 येतो, कामाचा नाही". सकाळच्या D2 पासून हे अंतर सात अर्ध्या सुरांचं आहे.

मग वर. खरी परीक्षा इथे असते आणि त्या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. वर जाताना शेवटचा सूर कुठला हा प्रश्न दुय्यम आहे. आवाज वळतो कुठे, हे ऐकायचं असतं. पुरुषाचा आवाज वर जाताना दोन ठिकाणी वळण घेतो. पहिल्या वळणापर्यंत तो बोलण्यासारखा सहज येतो. त्याच्यापुढे हनुवटी वर जायला लागते, जोर लावावासा वाटतो. दुसऱ्या वळणावर दोनच वाटा उरतात, एक तर ओरडायचं नाही तर आवाज सुटून पातळ होतो. अमेरिकेतल्या ओबर्लिनला गाणं शिकवणाऱ्या रिचर्ड मिलर यांनी 1986 सालच्या 'द स्ट्रक्चर ऑफ सिंगिंग' या पुस्तकात ही दोन वळणं आवाजाच्या जातीप्रमाणे मांडून दाखवली आहेत. नेहमीच्या टेनरला ती साधारण D4 आणि G4 ला येतात, टेनर आणि बासच्या मधल्या हलक्या बॅरिटोनला B3 आणि E4 ला, बासला A3 आणि D4 च्या आसपास किंवा आणखी खाली. दोन वळणांमधलं अंतर षड्ज-मध्यमाइतकं. मी जागा ठरवते ती जास्त करून याच एका गोष्टीवर, आणि एकोणीस वर्षांत तिने मला क्वचितच फसवलंय.

भाचा A3 पर्यंत गप्पा मारल्यासारखा गात गेला. B3 ला हनुवटी उचलली गेली. मी बोट लावून ती खाली केली, तर आवाजात ताण आला. C4, D4 असे ओढत आला आणि E4 ला पहिल्यांदा ओरडला, दुसऱ्यांदा आवाज सुटला. F4 एकदा भरून लागला, पण त्यावर थांबता येईना. दोन दिवसांनी परत घेतलं, आणि आणखी एकदा घेतलं. वळणं तिथेच. हा मुलगा बॅरिटोन आहे.

तीन वेळा घ्यायचं कारण असं की न शिकलेल्या आवाजात वळण धूसर असतं. कधी जोर लावून माणूस ते पुढे ढकलतो, कधी घाबरून अलीकडेच सोडतो. एकदा ऐकून ठरवलेलं चुकू शकतं. तालमीने आवाज मोकळा झाला की सहा महिन्यांनी पुन्हा ऐकावं लागतं आणि कधीकधी रांगही बदलावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, मेसेजमध्ये तर बॅरिटोन नावाचा आवाजच नाही. हाच त्या तक्त्याचा मोठा दोष आहे. पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा आवाज बॅरिटोन, बायकांमध्ये मेझो-सोप्रानो. दोन्ही मधले. चार आवाजांच्या क्वायरमध्ये या दोघांनाही स्वतःची रांग नसते. कारण सोप्रानो, आल्टो, टेनर, बास ही मुळात माणसांची नावं नव्हतीच, ती लिहिलेल्या संगीतातल्या जागांची नावं होती. युरोपातल्या चर्चच्या गाण्यात जो आवाज मूळ धून लांबवून धरून ठेवायचा तो टेनर, लॅटिन 'तेनेरे' म्हणजे धरणे यावरून. पंधराव्या शतकात त्याच्या जोडीला लिहिलेल्या आवाजाचे दोन भाग झाले, वरचा तो 'आल्टुस' म्हणजे उंच, खालचा तो 'बास्सुस' म्हणजे खालचा. सगळ्यांच्या वर सोप्रानो. आज आल्टो म्हटलं की बायकांचा खालचा आवाज डोळ्यांसमोर येतो, पण शब्दाचा अर्थ उंच असा आहे आणि त्या काळी ती ओळ पुरुष आणि मुलगे गायचे.

तेव्हा क्वायरमधली जागा ही नेमून दिलेली खुर्ची आहे. बॅरिटोनला वरच्या बासच्या खुर्चीत बसवतात, वरचा आवाज मोकळा असला तर खालच्या टेनरच्या. भाच्याला बासमध्ये बसवलं ही मोठी चूक नव्हती. चूक झाली ती D2 ऐकून त्याला सगळ्यात खालच्या ओळीवर ठेवण्यात, आणि आपण खोल बास आहोत असं समजून त्याने स्वरयंत्र खाली दाबून जाड आवाज काढण्यात. खरा खर्ज असलेली माणसं फार थोडी असतात. रशियन संगीतकार रखमानिनोव्हच्या 1915 सालच्या रात्र-प्रार्थनेत बासला एके ठिकाणी D2 च्याही चार अर्धे सूर खाली उतरावं लागतं, आणि असे गायक आणायचे कुठून हा प्रश्न तेव्हा रशियातसुद्धा पडला होता, जिथे अशा आवाजांची परंपरा आहे. आपल्याकडे ॲपवर रोज दहा जणांचा D2 निघतो तो करकरीमुळे.

वरच्या टोकाचंही तसंच. एखादा सूर लागणं वेगळं आणि त्या सुरांच्या आसपास वस्तीला राहणं वेगळं. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत सोप्रानोंना 880 हर्ट्झचा वरचा ए कित्येक मात्रा सलग धरून ठेवावा लागतो. हा सूर एकदा किंचाळून लावू शकणाऱ्या मुली मला प्रत्येक तुकडीत भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणी दहा मिनिटं त्या भागात राहिल्या की मान आखडते म्हणून तक्रार करतात, त्यांना मी माझ्या शेजारी आल्टोत घेते. म्हणून कागदावर तीन रेघा हव्यात. कसाबसा लागतो तो सूर, जोरात आणि हळू दोन्ही गाता येतो तो सूर, आणि अख्खं गाणं ज्याच्यात काढता येतं तो पट्टा. जागा ठरते ती तिसऱ्या रेघेवरून.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. माणूस बोलतो तो सहसा आपल्या आवाजाच्या खालच्या भागात, त्यामुळे बोलण्यावरून अंदाज बांधता येतो. पण बोलणं सवयीचं असतं. मुलगे मोठं वाटावं म्हणून आवाज खाली ओढून बोलतात, शाळेत शिकवणाऱ्या बायकांचा आवाज थकून जाड होतो. ज्यांचं बोलणं ऐकून मी आल्टो समजले आणि गायला लावल्यावर सोप्रानो निघाल्या, अशा दोघी आमच्याच क्वायरमध्ये आहेत. "आल्टोच" मधला तो "च" काढा, मग माझी हरकत नाही.

चौथा मुद्दा आपल्या लोकांना फार पटतो, कारण काळी चार, काळी एक हे आपले रोजचे शब्द. पण आपली पट्टी म्हणजे षड्ज कुठे धरला ते. आवाजाचा पसारा त्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे असतो. काळी चारमध्ये गाणारी बाई 208 हर्ट्झवर सा धरते. तिथून मंद्र पंचम D3 च्या अर्धा सूर वर येतो आणि तार पंचम D5 च्या अर्धा सूर वर. हा पट्टा क्वायरमधल्या आल्टोच्या ओळीपेक्षाही खाली सुरू होतो, सोप्रानोच्या तर जवळपासही नाही. मग ती आल्टो का? तेही नक्की नाही. आपल्याकडे बायकांनी भरीव, बोलण्याच्या जवळच्या आवाजात गायची रीत आहे, त्यामुळे षड्ज खाली धरला जातो आणि आवाजाचा वरचा, हलका भाग वापरलाच जात नाही. शास्त्रीय शिकलेली एक मुलगी काळी चारवरून आमच्याकडे आली. वरचा भाग उघडायला वर्ष लागलं आणि आज ती पहिल्या सोप्रानोत गाते. काळी एकच्या पुरुषाचंही तेच, त्याचा मंद्र पंचम ते तार पंचम हा पट्टा बॅरिटोनलाही बसतो आणि टेनरलाही. पट्टीवरून तुमचा रियाज कुठे झाला ते कळतं, एवढंच.

पाचव्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण तो मुलांशी खेळ आहे. दहा वर्षांच्या मुलाचे आणि मुलीचे स्वरतंतू जवळपास सारखेच असतात. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो आणि जवळजवळ सप्तकभर खाली जातो, मुलीचा दोनतीन सूर. आज वर सहज गाणारा मुलगा पुढे बास होऊ शकतो. आवाज फुटत असताना दर महिन्याला पट्टा बदलतो, मधलेच काही सूर गायब होतात. तेव्हा त्याला जे सूर सहज येतात तेवढेच द्यायचे. "तू बास आहेस, खाली गा" असं तेराव्या वर्षी सांगून गळा दाबायला शिकवलं की ती सवय पुढे काढता काढता माझ्यासारखीची दमछाक होते.

सहावा मुद्दा. खालचं टोक स्वरतंतूंच्या लांबी-जाडीने ठरतं. तंतू ढिले सोडून सोडून किती सोडणार? तिथे रियाजाने एखादा सूर भक्कम होतो, नवा मिळत नाही. वर मात्र तंतू ताणून सूर चढवायचा असतो आणि ते कसब शिकता येतं, म्हणून वरचे काही सूर वाढतात, पण त्याला वर्षं लागतात. आणि ते टोकाला धडका देऊन वाढत नाहीत, वळणाच्या आसपासचे सूर हलक्या आवाजात, "ऊ" किंवा "म्" वर घोटून वाढतात. गाऊन झाल्यावर घसा दुखला, दुसऱ्या दिवशी बोलण्याचा आवाज घोगरा आला, वरचे हळू सूर गायब झाले, तर ताण पडतोय असं समजायचं आणि थांबायचं. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू बघून घ्यायचे.

भाच्याचा आवाज तिसऱ्या आठवड्यात पूर्ण मोकळा झाला, डॉक्टरांपर्यंत जावं लागलं नाही. क्वायरच्या बाईंशी मीच फोनवर बोलले, कागदावरच्या रेघा सांगितल्या. त्यांनी त्याला वरच्या बासमध्ये घेतलं. गेल्या शनिवारी तालमीहून आल्यावर तो म्हणाला, "मावशी, आज पहिल्यांदा शेजारच्याचा आवाज ऐकू आला. आधी मी आपलाच गळा सांभाळत बसायचो." मूळ मेसेज ज्या काकांनी टाकला होता त्यांना हे सगळं आज पाठवते आहे.